'मी खर्च देईन असे ते म्हणाले' – मग खर्च नेमका कोण देणार?

सचिव_नाइलाजाने
आमची २४ बिऱ्हाडांची सोसायटी. सचिवपद कुणालाच नको होतं, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मागच्या महिन्यात विशेष सभा झाली. विषय एकच, ३०४ मधून २०४ च्या छतावर होणारी गळती. सभेचं इतिवृत्त मराठीत लिहायचं होतं. फोनवर रेकॉर्डिंग केलेलं होतं, त्यामुळे हे सोपं जाईल असं वाटलं होतं.

३०४ चे काका सभेत असं बोलले:

"माझ्या बाथरूममधून पाणी गळतंय हे मला मान्य आहे. दुरुस्तीचा खर्च मी देईन, पण तुम्ही आधी प्लंबर आणून दाखवा. मी येत्या रविवारी घरी आहे."

मी लिहिलं: "३०४ चे सदस्य म्हणाले की त्यांच्या बाथरूममधून पाणी गळत होते हे त्यांना मान्य होते. ते दुरुस्तीचा खर्च देणार होते, पण त्यांनी आधी प्लंबर आणून दाखवावा. ते येत्या रविवारी घरी होते."

मसुदा ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत २०४ च्या ताई दारात. "देणार होते म्हणजे आता देणार नाहीत का?" पाठोपाठ ३०४ चे काका. "गळत होते? अहो, अजून गळतंय. आणि प्लंबर मी आणायचा असं कधी म्हणालो?"

दुसऱ्या मसुद्यात "ते म्हणाले की दुरुस्तीचा खर्च मी देईन" असं केलं. खजिनदार म्हणाले, "खाली सही तुमची आहे. उद्या कुणी म्हणेल सचिवांनी कबूल केलं."

तिसऱ्यांदा "दुरुस्तीचा खर्च आपण देऊ असे ते म्हणाले" असं लिहिलं. आता अर्धी सोसायटी विचारतेय, "आपण म्हणजे कोण? सगळ्यांनी मिळून द्यायचा?"

तीन मसुदे झाले, तीन भांडणं झाली. दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात घेताना मराठीत नेमकं काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं?

पंपहाऊस
यात वाद कसला? बाथरूम, सिंक वगैरेंची घरातली गळती असेल तर खर्च त्या सदस्याचा. गच्ची, बाहेरची भिंत किंवा मुख्य पाइप असेल तर सोसायटीचा. आदर्श उपविधी काढून वाचा. काका काय म्हणाले आणि काय नाही, त्याने काही फरक पडत नाही.

सचिव_नाइलाजाने
@पंपहाऊस, खर्च कुणाचा हे मला ठाऊक आहे हो. वाक्य कसं लिहायचं ते विचारतेय.

पंपहाऊस
मग पाणी बंद करून २४ तास टेस्ट घ्या. डाग वाळला तर त्यांच्याच पाइपचं.

दहावी_अ
मी पंधरा वर्षं इंग्रजी शिकवते, म्हणून थोडं बोलते. तुमचा पहिला मसुदा तत्त्वतः बरोबर आहे. बाहेरचं क्रियापद 'म्हणाले' भूतकाळी आहे, म्हणून आतलं क्रियापद एक पायरी मागे जातं. 'आहे'चं 'होते', 'देईन'चं 'देणार होते'. 'मी'चा 'ते' झाला, तेही नियमाप्रमाणेच. पृथ्वी गोल आहे अशी सार्वकालिक सत्यं तेवढी तशीच राहतात. गोंधळ होतोय तो लोक नीट वाचत नाहीत म्हणून.

जुना_मुद्रितशोधक
बाई, रागावू नका, पण हा नियम मराठीत आणला की घात होतो, आणि या सोसायटीत तोच झालेला दिसतो. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर बसून बातमीदारांची हीच चूक खोडत आलो.

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आतलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं तेव्हाच्या काळातच राहतं. भूतकाळ फक्त बाहेरच्या क्रियापदावर बसतो. 'पाणी गळत आहे असे ते म्हणाले.' म्हणाले तेव्हा गळत होतं, हे 'म्हणाले' या शब्दातूनच कळतं. त्यासाठी आतलं 'आहे' ओढून 'होते' करावं लागत नाही.

केलंत तर काय होतं ते बघा. समजा काका म्हणाले असते, "मागच्या वर्षी गळत होतं, आता थांबलंय." तेव्हा लिहावं लागेल 'पाणी गळत होते, आता थांबले आहे असे ते म्हणाले'. म्हणजे 'गळत होते' हे रूप आधीच कामात आहे. ते खरोखर मागच्या गोष्टीचं आहे. चालू गळतीलाही तेच लावलंत तर दोन्हींत फरक राहत नाही. ३०४ चे काका चिडले ते उगाच नाही.

'देणार होते' तर त्याहून वाईट. मराठीत 'मी येणार होतो' ऐकलं की समोरचा विचारतो, "मग का नाही आलास?" त्या रूपातच बेत फिसकटल्याचा वास असतो. २०४ च्या ताईंनी जे ऐकलं ते तुम्ही लिहिलेलंच होतं.

दहावी_अ
मग 'तो आजारी होता हे मला माहीत होतं' हे वाक्य चूक का? हे तर आपण रोज बोलतो. तेव्हा तो आजारी होता, मला ते तेव्हा माहीत होतं. आतही 'होता', बाहेरही 'होतं'.

जुना_मुद्रितशोधक
चूक नाही, आणि मुद्दा चांगला काढलात. पण तिथे तुम्ही कुणाचं बोलणं सांगत नाही आहात. तो आजारी होता ही गोष्ट तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर सांगताय, आणि 'हे' या शब्दाने ती उचलून पुढे माहीत असण्याला जोडताय. म्हणून काळ तुमच्या जागेवरून मोजला जातो. 'तो आजारी आहे हे मला माहीत होतं' असंही चालतं.

आता त्याच्या जागी 'म्हणाला' ठेवून बघा. 'तो आजारी होता असं तो म्हणाला.' कुणीही विचारेल, कधी आजारी होता? परवा? गेल्या वर्षी?

सचिवबाईंचं 'हे त्यांना मान्य होते' याच फटीतून आलंय. 'हे मान्य होते' असं लिहिलं की ते काकांचं बोलणं राहत नाही, सचिवांचं निरीक्षण होतं, आणि तेही जुनं. 'हे त्यांनी मान्य केले' म्हटलं की झालं. सभेत केलं, संपलं.

ठाकुर्ली_स्लो
आमच्या ऑफिसात एक जण प्रत्येक मेल 'सर बोलले की ते बघतील' असा लिहितो. ते म्हणजे सर, की ते म्हणजे हेड ऑफिसवाले? सहा महिन्यांत कुणी काहीच बघितलेलं नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही.

आणि ते 'बोलले की' पण. मुंबईत सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण लिहिताना हात अडखळतो.

सोलापुरी_चादर
आमच्याकडे सर्वनामाचा हा प्रश्नच येत नाही. आम्ही सरळ 'मी खर्च देतो म्हणून सांगितले काकांनी' असं बोलतो. 'मी' कोण ते 'म्हणून सांगितले'वरून कळतं. घरात कन्नड बोलणाऱ्यांचंही तसंच असतं, 'बर्तीनि अंत हेळिद', म्हणजे 'येतो म्हणून सांगितलं'. बोललेलं आधी जसंच्या तसं, मग 'अंत', मग क्रियापद. पुणेकर ऐकून हसतात, पण खर्च कुणी द्यायचा यावरून आमच्याकडे भांडण झालं नसतं.

जुना_मुद्रितशोधक
@सोलापुरी_चादर, हसणाऱ्यांना हसू द्या. बोलणं आधी आणि 'असं', 'म्हणून' मागून, हीच मराठीची जुनी चाल. संस्कृतात 'इति' असाच मागून येतो. पुढे उभा राहणारा 'की' आपल्याकडे फारसीकडून आला.

फरक कामाचा आहे. 'की' लावला की वाचणाऱ्याला आधी कळतं कोण बोललं, मग पुढे लांबलचक वाक्य येतं आणि चौथ्या ओळीपर्यंत 'ते' कोण हे विसरायला होतं. 'असे' मागून आलं की बोलणं एका पिशवीत बांधल्यासारखं राहतं. त्या पिशवीत 'मी' असला तरी तो बोलणाऱ्याचाच, हे कानाला पटतं. 'दुरुस्तीचा खर्च मी देईन, असे ३०४ चे सदस्य म्हणाले.' हे मोठ्याने वाचून बघा. इथे सचिवांवर खर्च येत नाही.

सचिव_नाइलाजाने
मोठ्याने वाचलं. खरंच, माझ्या 'ते म्हणाले की मी देईन'पेक्षा हे कमी धोक्याचं वाटतंय. पण खजिनदारांना अजून पटत नाही. त्यांचं म्हणणं, इतिवृत्तात 'मी' येताच कामा नये.

चष्मेवाली
खजिनदारांची भीती अगदीच खोटी नाही. मी वकिलांकडे टायपिंग करते. पोलिसांपुढचा जबाब असतो त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'मी'च असतो, 'समक्ष विचारले वरून जबाब देतो की मी…' असा. तिथे चालतं, कारण कागदावर बोलणारा माणूस एकच. इतिवृत्तात दहा जण बोलतात आणि लिहिणारा अकरावा. दहा जणांचा 'मी' आला की पाचव्या ओळीत कोण बोलतंय हे शोधायला बोट फिरवावं लागतं.

दहावी_अ
काळाचं मी मागे घेते, पण सर्वनाम बदललंच पाहिजे, एवढं तरी मान्य करा. 'मी'चा 'ते'. त्याशिवाय ते अप्रत्यक्ष वाक्य कसलं?

जुना_मुद्रितशोधक
बदला, पण 'ते' हा एकच पर्याय नाही. मराठीत बोलणाऱ्याने स्वतःबद्दल काही म्हटलं तर त्याला खास शब्द आहे, 'आपण'. 'आपण आजारी आहोत असं ती म्हणाली.' आजारी तीच, दुसरी कुणी नाही. 'ती आजारी आहे असं ती म्हणाली' म्हटलं तर पहिली 'ती' शेजारीणही असू शकते. एकट्या बाईसाठी असूनही क्रियापद 'आहोत', 'येऊ', 'गेलो' असं 'आम्ही'सारखं चालतं. 'आपण बाजारात गेलोच नाही असं ती म्हणाली.' इथे 'गेले' होत नाही.

घोटाळा एवढाच की हा शब्द आणखी दोन नोकऱ्या करतो. समोरच्याला मान देताना 'आपण बसा', आणि सगळे मिळून म्हणताना 'आपण जाऊ या'. सचिवबाईंची सभा म्हणजे नेमकी ती जागा जिथे सगळे मिळून काहीतरी करायचंच असतं. तिथे 'खर्च आपण देऊ' म्हटलं की माणसं आपापलं पाकीट चाचपणारच. गोष्टीत, पत्रात, बातमीत 'आपण' छान बसतो. सोसायटीच्या खर्चाच्या वाक्यात मी तो घालणार नाही. घालायचाच तर 'आपण स्वतः'.

बे_एरिया_आई
हे वाचून डोळे उघडले. आमच्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं म्हणतात, 'टीचरनी विचारलं जर मी होमवर्क केला'. मी नेहमी 'जर' खोडते, पण का खोडते ते सांगता येत नाही. आणि दुसरं, माझी मुलगी 'बाबा म्हणाले ते उशिरा येणार होते' म्हणते, मग मला वाटतं बेत बदलला, आता वेळेवर येतील. मी जेवण वाढून ठेवते, आणि बाबा उशिराच, साडेआठला हजर. म्हणजे ते 'येणार होते' म्हणाले नव्हतेच, 'उशीर होईल' म्हणाले होते!

जुना_मुद्रितशोधक
@बे_एरिया_आई, मुलगी हुशार आहे, फक्त डोक्यात इंग्रजी वाक्य आधी तयार होतंय. 'बाबा उशिरा येणार आहेत असं म्हणाले' एवढं म्हणायला शिकवा.

'जर'चं असं की मराठीत 'जर' अट घालतो, प्रश्न करत नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर 'का' तसाच ठेवायचा. 'मी होमवर्क केला का, असं टीचरनी विचारलं.' 'तू' होता तिथे 'मी' आला आणि 'केलास'चं 'केला' झालं, एवढंच. लेखी भाषेत 'अशी विचारणा केली' किंवा 'असा प्रश्न केला'. तेवढं लिंग सांभाळा, विचारणेला 'अशी', प्रश्नाला 'असा'.

ठाकुर्ली_स्लो
आणि 'म्हणे'चं काय? 'खर्च देणार म्हणे.' एका शब्दात सगळं. कोण म्हणालं ते सांगायला नको, खरं-खोटं आपल्या अंगावर नको.

चष्मेवाली
@ठाकुर्ली_स्लो, तो इतिवृत्तात घातलात तर पुढच्या सभेचा विषय तुम्हीच व्हाल.

सचिव_नाइलाजाने
बरं, मग त्या प्लंबरच्या वाक्याचं काय? काका म्हणाले, "तुम्ही आधी प्लंबर आणून दाखवा." मी 'त्यांनी आणून दाखवावा' केलं आणि तो काकांवरच उलटला.

जुना_मुद्रितशोधक
कारण 'त्यांनी' कोण ते वाक्यात कुठेच नव्हतं. बोलताना काकांची नजर कमिटीकडे होती, म्हणून 'तुम्ही' पुरला. कागदावर नजर दिसत नाही. तिथे सर्वनाम बदलून भागत नाही, नाव घालावं लागतं. 'संस्थेने आधी प्लंबर आणून दाखवावा'.

आणि 'आणायला सांगितले' असं लिहू नका. मोलकरणीला सांगतात, मुलाला सांगतात. एका सदस्याने कमिटीला 'सांगितलं' म्हटलं की हुकूम वाटतो. 'दाखवावा असे ते म्हणाले' किंवा 'अशी मागणी केली'. काकांचा स्वर कसा होता?

सचिव_नाइलाजाने
टेबलावर हात आपटून म्हणाले.

जुना_मुद्रितशोधक
मग 'मागणी केली' योग्य.

सोलापुरी_चादर
रविवारचं पण बघा. 'येत्या रविवारी घरी आहे' म्हणाले ते सभेच्या दिवशी. इतिवृत्त वाचणारा तीन आठवड्यांनी वाचणार. त्याचा येता रविवार वेगळा.

जुना_मुद्रितशोधक
शाबास. इथे मात्र बदल करावाच लागतो. काळ तसाच ठेवायचा, पण 'आज', 'उद्या', 'येता रविवार', 'इथे' हे शब्द बोलणाऱ्याच्या जागेला बांधलेले असतात. बोलताना आपण सहज म्हणतो 'उद्या येतो म्हणाला होता, आला नाही'. कागदावर तारीखच घाला.

चष्मेवाली
आता माझी सूचना. सर्वनामच टाळा. 'दुरुस्तीचा खर्च देण्याची तयारी ३०४ च्या सदस्यांनी दाखवली.' ना 'मी', ना 'ते', ना 'आपण'. काळाचाही प्रश्न नाही. सरकारी कागदात हेच करतात.

दहावी_अ
मला हे पटत नाही. ते म्हणाले 'देईन'. तयारी दाखवणं वेगळं, देईन म्हणणं वेगळं. उद्या ते म्हणतील तयारी होती, पण जमलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांनी अट घातली होती, 'पण तुम्ही आधी'. वाक्य गुळगुळीत करताना तीच सांडते.

जुना_मुद्रितशोधक
बाई, हे तुम्ही बरोबर पकडलंत. 'तयारी दाखवली' हा लिहिणाऱ्याने लावलेला अर्थ झाला. अट आणि कबुली एकाच वाक्यात बांधली तर जमेल. मी असं लिहीन:

"आपल्या बाथरूममधून पाणी गळत असल्याचे ३०४ च्या सदस्यांनी मान्य केले. संस्थेने आधी प्लंबर आणून दाखवावा, त्यानंतर दुरुस्तीचा खर्च स्वतः देऊ, असे ते म्हणाले. येत्या रविवारी (इथे तारीख) घरी असल्याचे त्यांनी सांगितले."

चष्मेवाली
'त्यानंतर' तुम्ही घातलात. काका 'पण' म्हणाले होते. प्लंबर आणल्यावरच देईन, की देईन, फक्त आधी आणा?

जुना_मुद्रितशोधक
हं. माझ्या टेबलावर असतं तर मी 'मात्र' घातला असता आणि बातमीदाराला विचारलं असतं. काकांनाच विचारा.

दहावी_अ
आणि 'स्वतः देऊ' मला अजून खटकतं. एकटा माणूस 'देऊ' कसा म्हणेल? माझ्या कानाला 'स्वतः देणार' बरं वाटतं.

जुना_मुद्रितशोधक
'देऊ' हा लपलेल्या 'आपण'चा आहे. पण 'स्वतः देणार असल्याचे सांगितले' असंही चालेल. इथे कान वेगवेगळे असू शकतात. आमच्या डेस्कवरही यावर एकमत कधी झालं नाही.

पंपहाऊस
२४ तासांची टेस्ट घेतली का?

सचिव_नाइलाजाने
घेतली! डाग वाळला. गळती त्यांच्याच पाइपची.

मसुदा @जुना_मुद्रितशोधक यांचाच घेतला, 'त्यानंतर'च्या जागी 'मात्र' घालून: "दुरुस्तीचा खर्च स्वतः देणार, मात्र संस्थेने आधी प्लंबर आणून दाखवावा, असे ते म्हणाले." 'देऊ' काढून 'देणार' केलं, दहावी_अ बाईंच्या कानाला मान देऊन. रविवारची तारीख घातली. २०४ च्या ताईंना पटलं. खजिनदारांनी तीनदा वाचून 'मी' कुठे सापडत नाही याची खात्री करून घेतली.

मग काकांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण मी बाथरूम म्हणालोच नव्हतो. मोरी म्हणालो होतो."

घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मोरीच म्हणालेत.